एसपीए करताना २० टक्क्यांची कॅप मिळाली, सही करू का? (शेअर्स विकणाऱ्याच्या बाजूने)

निम्मा_इंजिनियर (धागाकर्ता)

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमची मशीन्ड पार्ट्सची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. शेअर्स चौघांत आहेत: बाबा ४० टक्के, मोठे काका २५, धाकटे काका गेल्यावर त्यांचे २० टक्के काकूंच्या नावावर आले आणि माझे १५. पुण्याचा एक उद्योगसमूह सगळे शंभर टक्के शेअर्स ४२ कोटींना घेतोय. किमतीवर कधीच वाद झाला नाही. वाद सुरू झाला तो एसपीएचा, म्हणजे शेअर्स विक्रीच्या कराराचा, मसुदा आल्यावर. १३८ पानं, त्यातली ४१ पानं नुसत्या वॉरंटीज.

पहिल्या मसुद्यात आमची जबाबदारी पूर्ण ४२ कोटींपर्यंत आणि सगळ्या वॉरंटीज सात वर्षं जिवंत होत्या. तीन फेऱ्यांनंतर इथवर आलोय (मूळ इंग्रजी आहे, आशय देतो):

कलम ९.४: वॉरंटीभंगासाठी विक्रेत्यांची एकूण जबाबदारी मोबदल्याच्या २० टक्क्यांपेक्षा, म्हणजे ८ कोटी ४० लाखांपेक्षा जास्त नाही. मुदत २४ महिने, करविषयक वॉरंटीज ७ वर्षं.

कलम ९.७: शेअर्सची मालकी, कर, फसवणूक आणि शेड्यूल ५ मधल्या बाबींना ९.४ लागू नाही.

शेड्यूल ५ मध्ये तीनच नोंदी आहेत. पहिली २०१८-१९ च्या जीएसटीची नोटीस, दुसरी कंत्राटी कामगारांचा पीएफ. तिसरी, ‘क्लोजिंगपूर्वीच्या काळात कंपनीने कोणत्याही लागू कायद्याचे पालन न केल्यामुळे होणारे नुकसान’.

चौघांची जबाबदारी ‘संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे’ आहे. दीड-दोन कोटी एस्क्रोत, म्हणजे तिऱ्हाइताकडच्या खात्यात, ठेवायचं बोलणं चालू आहे.

आमचे वकील जमिनीच्या व्यवहारातले, चांगला माणूस. ते म्हणतात, शंभरावरून वीसवर आणलं, आता ताणू नका. सही तीन आठवड्यांवर आहे. बाबांना वाटतंय की झालं. मला झोप लागत नाही, पण नेमकं काय खटकतंय तेही सांगता येत नाही.

---

स्पिंडल

आमच्याकडे नवीन व्हीएमसी घेताना २४ महिने वॉरंटी मिळाली, स्पिंडलवर वेगळी. तुम्ही जुन्या मशिनींवर २४ महिने कशाला देताय? ‘जसं आहे तसं’ लिहा आणि मोकळे व्हा. गिऱ्हाईक येऊन बघून गेलंय ना शॉप फ्लोअर?

---

निम्मा_इंजिनियर

दादा, मशिनींची वॉरंटी नाही ही :) कंपनीबद्दल आम्ही लिहून देतो ती विधानं. कर भरलेत, कोर्टकज्जे नाहीत, हिशोब बरोबर आहेत वगैरे. चूक निघाली तर पैसे आमच्या खिशातून. ‘जसं आहे तसं’ सुचवून पाहिलं होतं. पलीकडचे हसले.

---

बॅलन्सशीट

सीए आहे, अशा दोन-तीन व्यवहारांत होतो. २० टक्के उत्तम आहे, सही करा. आणि एक गोष्ट तुमच्या वकिलांच्या लक्षात आलेली दिसत नाही. फेमा, म्हणजे परकीय चलन कायदा, त्याच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे विक्रेत्याची इंडेम्निटी, म्हणजे नुकसान भरून देण्याची हमी, मोबदल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत आणि १८ महिन्यांपुरतीच असू शकते. नियम ९, उपनियम ६. म्हणजे करारात काहीही लिहिलं तरी २५ टक्क्यांवर तुमची जबाबदारी जातच नाही. सात वर्षांची टॅक्स वॉरंटी तर तशीच उडते. शांत झोपा.

---

कलमकसाई

झोपू नका.

मी वकील आहे, मुंबईत, वीस-एक वर्षं हेच करतेय. फेमाकडे नंतर येते. आधी शेड्यूल ५ ची तिसरी नोंद पुन्हा वाचा. ‘कोणत्याही लागू कायद्याचे पालन न केल्यामुळे.’ आता तुमची ४१ पानं वॉरंटीज उघडा आणि सांगा, त्यातली कोणती गोष्ट या एका ओळीत बसत नाही? परवाने, फॅक्टरी ॲक्ट, प्रदूषण मंडळाचं संमतिपत्र, कर, पगार, कंपनी कायद्याखालची रजिस्टरं, सगळंच कोणत्या ना कोणत्या कायद्याखाली येतं. एखाद्या मुद्द्यावर खरेदीदाराला वॉरंटीभंग म्हणून दावा करायचा झाला तर ८ कोटी ४० लाख आणि २४ महिने अशी कुंपणं आडवी येतात. त्याच मुद्द्यावर तो शेड्यूल ५, नोंद ३ खाली आला तर कुंपण नाही, मुदत नाही, आणि डिस्क्लोजर लेटरमध्ये, म्हणजे वॉरंटीजना कुठे अपवाद आहे ते सांगणाऱ्या पत्रात, तुम्ही आधी सांगितलं होतं याचाही उपयोग नाही. मग तो वॉरंटीच्या दाराने कशाला येईल?

तुम्ही तीन फेऱ्या ज्या आकड्यासाठी भांडलात तो आकडा या ओळीने निकामी केलाय. मुद्दाम घातली असेलच असं नाही. मोठ्या फर्मच्या तयार मसुद्यात ती अनेकदा पडून असते आणि विक्रेत्याकडून कोणी खोडली नाही की तशीच सहीपर्यंत जाते.

शेड्यूलमधल्या खास इंडेम्निटीचं मूळ काम वेगळं आहे. ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे खरेदीदाराच्या तपासणीत, एक ठोस भानगड सापडते, दोघांनाही ती माहीत असते, म्हणून तिच्यापुरती ‘ही तुमची’ अशी वाटणी करायची. जीएसटीची नोटीस तशी आहे. पीएफ बऱ्यापैकी तसा आहे, पण त्यात वर्षं आणि कंत्राटदाराचं नाव नसेल तर तोही सैलच. तिसरी नोंद भानगड नाही, भीती आहे. भीतीसाठी वॉरंटी असते.

म्हणून पहिली मागणी, नोंद ३ पूर्ण काढा. ते ऐकले नाहीत तर विचारा, नेमकी कशाची काळजी आहे? जे उत्तर येईल तेवढंच लिहा.

दुसरी मागणी बाहेरच्या कुंपणाची. मालकी, कर, शेड्यूल, वॉरंटी सगळं धरून कोणत्याही विक्रेत्याने त्याला प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त द्यायचं नाही. आज तुमच्या मसुद्यात ९.७ मधल्या बाबींना वरची मर्यादाच दिसत नाही. म्हणजे कागदावर ४२ कोटी घेऊन ५० कोटी द्यायची वेळ येऊ शकते.

---

भट्टीवाला

कोल्हापूरचा आहे, फाउंड्री होती, २०१९ ला विकली. खरेदीदाराचं नाव नको. आमच्याकडे शेड्यूल नव्हतंच, कॅपही होती २५ टक्के, तरी बसलं ते ‘नुकसान’ या शब्दाच्या व्याख्येत.

झालं असं. आम्ही ओव्हरटाइम मूळ पगाराच्या दुप्पट देत होतो, पण भत्ते न धरता. नवीन मालकाच्या ऑडिटरने काढलं की भत्ते धरायला पाहिजेत. फरक वर्षाला २८ लाख. मी म्हटलं, ठीक आहे, मागच्या काळाचा जो काय फरक निघेल तो देतो. ते म्हणाले, तसं नाही. तुमचा नफा दरवर्षी २८ लाखांनी फुगलेला होता, आम्ही कंपनी नफ्याच्या सहापटीने घेतली, म्हणून नुकसान २८ गुणिले ६, एक कोटी ६८ लाख. व्याख्येत ‘शेअर्सच्या मूल्यात झालेली घट’ असे शब्द होते. मी वाचले होते. अर्थ कळला नव्हता.

शेवटी ७० लाखांत मिटवलं. लवादाला गेलो असतो तर वकिलांनाच तेवढे गेले असते.

---

पलीकडचा

नावाप्रमाणे मी टेबलाच्या पलीकडे असतो, खरेदी करणाऱ्या कंपनीत. सगळेच ठग असल्यासारखं वाचून थोडं वाईट वाटलं :)

भट्टीवाले साहेब, तुमच्या खरेदीदाराचं गणित चूक नव्हतं. त्याने सहापट पैसे खरंच मोजले होते. २८ लाखांचा खर्च दरवर्षी होणार असेल तर त्याला कंपनी महाग पडली हे खरं आहे. पण ‘मूल्यातली घट’ हे शब्द काढायला आम्ही बहुतेक वेळा तयार होतो, मागितलं तर. विक्रेते मागतच नाहीत. त्यांचं सगळं लक्ष कॅपच्या टक्क्यावर असतं.

नोंद ३ बद्दल कलमकसाईंशी सहमत, पण ती का येते ते सांगतो. लहान कौटुंबिक कंपनीत कागद सापडत नाहीत. डेटा रूममध्ये मागितलेल्यापैकी निम्मी रजिस्टरं येतच नाहीत. मग आमच्या बोर्डाला मी काय सांगू? म्हणून सरसकट ओळ. तुम्ही कागद दिलेत तर ती ओळ काढायला मला आत भांडता येतं.

---

कलमकसाई

हे सोन्यासारखं आहे, धागाकर्त्याने लिहून घ्यावं.

आता नुकसानाची व्याख्या. तुमच्या बाजूने हवं ते असं: कंपनीला किंवा खरेदीदाराला प्रत्यक्ष झालेलं थेट नुकसान, नफ्याच्या पटीने काढलेलं नाही, अप्रत्यक्ष किंवा बुडालेल्या नफ्याचं नाही, विमा किंवा करसवलत मिळाली तर ती वजा करून. आणि किमतीच्या हिशोबात जी रक्कम आधीच कापली गेली ती पुन्हा मागायची नाही. हा शेवटचा भाग कोरडा वाटतो पण पैसा तिथेच जातो. समजा ग्रॅच्युइटीची ४० लाखांची तरतूद क्लोजिंग हिशोबात धरून ४२ कोटींतून वजा केली. वर्षाने तीच ४० लाख ग्रॅच्युइटी द्यावी लागली, आणि ‘वैधानिक देणी’ या वॉरंटीखाली पुन्हा मागितली. शब्द नसतील तर भांडत बसाल.

खालची कुंपणंही विचारा, तुमच्या पोस्टमध्ये दिसली नाहीत. एक, फुटकळ दावे मोजायचेच नाहीत, समजा प्रत्येकी ५ लाखांच्या आतले. दोन, उरलेल्यांची बेरीज एका पातळीवर गेल्याशिवाय काहीच द्यायचं नाही, समजा किमतीच्या १ टक्का, ४२ लाख. याला बास्केट म्हणतात. इथे लोक एक प्रश्न विसरतात. बास्केट भरल्यावर पूर्ण रक्कम द्यायची की फक्त वरची? समजा तीन दावे आले, ३ लाख, २० लाख, ३० लाख. तीन लाखांचा गळला. उरले ५०. ‘पूर्ण’ असेल तर ५० लाख द्यायचे, ‘फक्त वरची’ असेल तर ८. एका शब्दाने ४२ लाखांचा फरक. खरेदीदार बहुधा ‘पूर्ण’ मागतात आणि बऱ्याचदा तिथेच ठरतं. पण नेमकं न लिहिता सोडू नका.

---

निम्मा_इंजिनियर

डोकं गरगरतंय, पण आता काय खटकत होतं ते कळलं. धन्यवाद.

एक घरगुती प्रश्न. ‘संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे’ याचा अर्थ वकिलांनी सांगितला, खरेदीदार चौघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम वसूल करू शकतो. काकू आयुष्यात फॅक्टरीत दोनदा आल्यात, दोन्ही वेळा खंडेनवमीच्या पूजेला. त्यांना ८ कोटी ४० लाख मिळणार, आणि उद्या सगळी ८ कोटी ४० लाखांची जबाबदारी त्यांच्या एकट्यावर टाकता येते. त्या म्हणतात, ‘तुम्ही आहात ना, मग मी कशाला काळजी करू.’ मला त्याचीच काळजी वाटते.

---

बॅलन्सशीट

काकूंकडून वेगळं पत्र घ्या की त्या व्यवसायात नव्हत्या. कोर्ट समजून घेतं.

---

कलमकसाई

असं पत्र चालत नाही हो. करारावर सही आहे, पैसे घेतलेत, मग व्यवसायात होत्या की नव्हत्या याने फरक पडत नाही.

२००८ ला रॅनबॅक्सी विकली गेली त्या प्रकरणात सिंगापूरच्या लवादाने २०१६ मध्ये विक्रेत्यांविरुद्ध सुमारे २,५६२ कोटींचा निवाडा दिला. महत्त्वाची माहिती दडवली असा ठपका होता. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो अमलात आणायला मान्यता दिली, पण विक्रेत्यांमध्ये जी अल्पवयीन मुलं होती त्यांच्याविरुद्ध नाही. म्हणजे कुटुंबातून सुटली ती मुलं. बाकीच्यांना ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका मिळाली नाही. काकू अल्पवयीन नाहीत.

काकूंसाठी दोन गोष्टी. एसपीएत त्या फक्त स्वतःच्या शेअर्सच्या मालकीची आणि सही करण्याच्या अधिकाराची वॉरंटी देतील. व्यवसायाच्या वॉरंटीज बाबा आणि मोठे काका देतील. खरेदीदार म्हणेल, मग काकूंच्या २० टक्क्यांचा धोका कोण घेणार? त्याचं उत्तर तुमच्या घरात आहे. तुम्ही चौघं आपसात वेगळा करार करा की कोणी किती सोसायचं. तो खरेदीदाराला दाखवायची गरज नाही. निदान एवढं तरी मिळवा की प्रत्येकाची जबाबदारी त्याच्या हिश्श्याइतकीच.

आणि ‘फसवणूक’ची व्याख्या करा. फसवणुकीला कॅप लागत नाही, लागूही नये. पण व्याख्या नसेल तर उद्या निष्काळजीपणालाही फसवणूक म्हणतील आणि कॅपबाहेर जातील. ज्या विक्रेत्याने जाणूनबुजून खोटं सांगितलं त्याच्यापुरतीच ती लागावी. बाबांची चूक काकूंच्या खात्यात जाऊ नये.

आता फेमा. बॅलन्सशीट, नियम तुम्ही बरोबर सांगितलात, लावलात चुकीचा. तो नियम शेअर्स भारतातल्या आणि भारताबाहेरच्या व्यक्तीमध्ये हस्तांतरित होतात तेव्हाचा. मोबदल्याच्या २५ टक्क्यांपर्यंतची रक्कम १८ महिन्यांत नंतर देता येते, एस्क्रोत ठेवता येते, किंवा पूर्ण मोबदला दिला असेल तर तेवढ्या रकमेपुरती विक्रेत्याची इंडेम्निटी पूर्ण मोबदला दिल्यापासून १८ महिने चालते. पुण्याचा समूह भारतीय असेल तर हा नियम लागूच होत नाही, आणि तुमची सात वर्षं तशीच उभी.

---

बॅलन्सशीट

मान्य, ‘पुण्याचा’ हा शब्द माझ्या नजरेतून सुटला. पण मग खरेदीदाराचे मालक कोण ते विचारा.

---

निम्मा_इंजिनियर

आज विचारलं. घेणारी कंपनी पुण्यात नोंदलेली आहे, पण तिचे ७४ टक्के शेअर्स जर्मन पालक कंपनीकडे. आता?

---

कलमकसाई

आता प्रश्न मजेशीर झाला. म्हणजे वकिलांना मजेशीर.

परकीय मालकीची भारतीय कंपनी दुसऱ्या भारतीय कंपनीचे शेअर्स निवासी माणसाकडून घेते तेव्हा अप्रत्यक्ष परकीय गुंतवणुकीचे नियम लागतात. नंतर द्यायच्या रकमेची सोय अशा खरेदीत चालते का यावर बरीच वर्षं घोळ होता. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये मास्टर डायरेक्शन सुधारून ती चालते असं स्पष्ट केलं. पण सोय मिळाली म्हणजे तिच्यासोबत २५ टक्के आणि १८ महिन्यांची मर्यादा तुमच्या सर्वसाधारण वॉरंटी इंडेम्निटीलाही चिकटते का, यावर माझ्याच ऑफिसात दोन मतं आहेत. एक म्हणतं, नियम इंडेम्निटीबद्दलच बोलतो, विषय संपला. दुसरं म्हणतं, नियम किमतीच्या भागाबद्दल आहे, करारभंगाच्या भरपाईबद्दल नाही. माझा कल दुसरीकडे.

म्हणून याच्यावर विसंबून कॅप सोडू नका. पण टेबलावर जरूर मांडा. त्यांचीच बँक विचारेल या भीतीने ते एस्क्रोची मुदत १८ महिन्यांच्या आत ठेवतील, एवढा फायदा पक्का.

---

पलीकडचा

एस्क्रोवरून. तुम्ही एस्क्रो लहान करायच्या मागे असाल, पण माझ्या अनुभवात उलट विचार करा. दीड कोटीऐवजी साडेतीन-चार कोटी ठेवा, आणि बदल्यात वॉरंटीच्या दाव्यांसाठी एस्क्रोपलीकडे तुमच्या दारात यायचं नाही असं लिहून घ्या. आम्हाला वसुलीची खात्री हवी असते. तुमच्या बाबांच्या घरावर जप्ती आणण्यात आम्हाला रस नाही. ४ कोटी हातात असतील तर ८ कोटी ४० लाखांच्या कागदी हक्कापेक्षा मला ते आवडतात.

---

बॅलन्सशीट

त्यात कराचा कोपरा बघा. एस्क्रोतले पैसे हातात आले नसले तरी भांडवली नफा कोणत्या वर्षी धरायचा हा वाद होतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका प्रकरणात म्हटलं की एस्क्रोत ठेवलेली आणि नंतर देण्यांपोटी गेलेली रक्कम विक्रेत्याला मिळालीच नाही, म्हणून त्यावर कर नाही. विक्रेत्याच्या बाजूचा निकाल आहे, पण तुमची कागदपत्रं त्या प्रकरणासारखी आहेत का ते तपासून घ्या. (हे मी नीट वाचलंय, यावेळी पत्ता चुकलेला नाही :))

---

निम्मा_इंजिनियर

जीएसटीच्या नोंदीचं काय करू? ती तर आम्हाला मान्यच आहे. एका पुरवठादाराची नोंदणी मागच्या तारखेपासून रद्द झाली, म्हणून आमचं इनपुट क्रेडिट नाकारलंय. कर ६२ लाख, तेवढाच दंड, आणि व्याज ५६ लाखांच्या घरात. एकूण एक कोटी ८० लाख. माल आला होता, ई-वे बिलं आहेत, बँकेतून पैसे दिलेत. आमचे सल्लागार म्हणतात अपिलात टिकेल.

---

कलमकसाई

नोंद मान्य असणं वेगळं आणि ती उघडी सोडणं वेगळं. तुम्हाला खटला जिंकायचाय, खरेदीदाराला तो संपवायचाय. तुमचा खिसा असल्यामुळे त्याला लढायचं काहीच कारण नाही. उद्या एखादी अभय योजना आली, तो कर भरून मोकळा होईल आणि पावती तुम्हाला पाठवेल.

आणखी एक. इंडेम्निटीत प्रत्यक्ष पैसे गेल्याशिवाय मागता येत नाही असं अनेकांना वाटतं. मुंबई उच्च न्यायालयाने १९४२ मध्येच, न्यायमूर्ती छागलांसमोरच्या प्रकरणात, वेगळं सांगितलंय: देणं पक्कं झालं असेल तर ते भरण्याआधीही संरक्षण मागता येतं. तेव्हा पैसे कधी द्यायचे ते करारातच बांधा. मी अशी नोंद साधारण अशी लिहिते:

‘अमुक क्रमांकाच्या, अमुक तारखेच्या नोटिशीतून उद्भवणारा २०१८-१९ चा कर, व्याज व दंड, कमाल एक कोटी ८० लाख. नोटीस व अपिलांचं कामकाज विक्रेते स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या वकिलांमार्फत चालवतील. कंपनी सही, कागद व पोर्टलचा वापर देईल. विक्रेत्यांच्या लेखी संमतीशिवाय मागणी मान्य करायची नाही वा तडजोड करायची नाही. देणं अपिली आदेशानंतर, स्थगिती नसल्यास. परतावा मिळाल्यास तो विक्रेत्यांचा.’

शेवटचं वाक्य लोक विसरतात. पहिल्या अपिलासाठी वादातल्या कराच्या १० टक्के, तुमच्या बाबतीत ६ लाख २० हजार, आधी भरावे लागतात. ते तुमच्या खिशातून जातील, पण कंपनीच्या नावावर जमा होतील. जिंकलात तर परतावा कंपनीच्या लेजरमध्ये येईल, आणि कंपनी तेव्हा तुमची नसेल.

‘कमाल’वर भांडण होईल, कारण व्याज चालूच राहतं. दोन कोटींवर ठरलं तरी चालेल, पण आकडा हवा.

---

पलीकडचा

पोर्टलचा वापर विक्रेत्याला द्यायला आमचे आयटीवाले तयार होत नाहीत. ‘तीन कामाच्या दिवसांत अपलोड करू’ असं लिहून घ्या, ते चालतं.

आणि डिस्क्लोजर लेटर दाखवा. विक्रेत्याला सगळ्यात स्वस्त संरक्षण तिथे मिळतं आणि सगळ्यात आळशीपणाने लिहिलेला कागदही तोच असतो.

---

निम्मा_इंजिनियर

लाज वाटते, पण घ्या. कर वॉरंटीसमोर आमच्या ऑफिसने लिहिलंय: ‘काही कर प्रकरणे विविध टप्प्यांवर प्रलंबित आहेत.’

---

पलीकडचा

याचा उपयोग शून्य. आमचे वकील म्हणतील, कोणती प्रकरणं ते कळलं नाही, म्हणून सांगितलंच नाही. प्रत्येकासाठी कोणतं वर्ष, नोटिशीचा क्रमांक व तारीख, रक्कम, आज कुठल्या टप्प्यावर आहे आणि डेटा रूममधला कागद कुठला, एवढं लिहा. वाचणाऱ्याला धोक्याचा आकार कळला पाहिजे. आणि एसपीएत बघा, ‘डिस्क्लोजरमुळे इंडेम्निटीचा हक्क कमी होत नाही’ असं वाक्य आहे का. आमच्या मसुद्यात असतं. ते तसंच राहिलं तर डिस्क्लोजर लेटर सजावटीला.

---

भट्टीवाला

माझा एक प्रश्न राहिलाय. २४ महिन्यांनंतर दावा करता येणार नाही हे कलम टिकतं का? माझे वकील म्हणाले होते की कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २८ मुळे असली मुदत बाद होते.

---

कलमकसाई

तुमच्या वकिलांच्या म्हणण्यात दम आहे. १९९७ च्या दुरुस्तीनंतर, ठरावीक मुदत संपली की हक्कच संपेल असं लिहून दुसऱ्याला दाद मागण्यापासून अडवणारी अट कलम २८ खाली बाद ठरू शकते. म्हणून मी ‘२४ महिन्यांनंतर दावा करता येणार नाही’ असं लिहीत नाही. मी लिहिते की इंडेम्निटीचं वचनच फक्त अशा नुकसानापुरतं आहे ज्याची तपशीलवार लेखी नोटीस २४ महिन्यांच्या आत विक्रेत्यांना मिळाली. म्हणजे हक्क संपवला नाही, तो तेवढाच जन्माला आला. नोटीस आल्यावर लवादात जायला कायद्याची नेहमीची मुदत असतेच.

हे शंभर टक्के टिकेल अशी हमी मी अशीलालाही देत नाही. पण पहिल्या पद्धतीपेक्षा खूप बरं.

---

स्पिंडल

मी मशिनींचं म्हटलं म्हणून हसलात, पण आता वाचून वाटतंय आमच्या भावाच्या पॅथॉलॉजी लॅबच्या विक्रीत सही झाली ती कोणी वाचलीच नाही. उद्या फोन करतो त्याला.

---

निम्मा_इंजिनियर

अपडेट. काल पुण्यात बैठक झाली, साडेचार तास.

नोंद ३ गेली. ‘नेमकी कशाची काळजी’ हे विचारल्यावर त्यांच्या वकिलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रातली २०२१ ची पाच महिन्यांची फट सांगितली. तेवढीच लिहिली, ३५ लाखांची मर्यादा घालून. बाहेरचं कुंपण मिळालं, पण ‘मिळालेल्या रकमेपर्यंत’ आहे, कर भरल्यानंतरच्या रकमेपर्यंत नाही. मी मागितलं, ते हलले नाहीत. ‘मूल्यातली घट’ खरंच एका वाक्यात निघाली, पलीकडचा म्हणाले होते तसं. बास्केट ४२ लाख, भरल्यावर पूर्ण. एस्क्रो ३ कोटी ७५ लाख, १८ महिने, वॉरंटीच्या दाव्यांना तेवढंच. करासाठी मात्र आमच्या दारात येता येईल, त्याची कॅप ४० की ५० टक्के यावर अडलंय.

काकू फक्त स्वतःच्या शेअर्सची वॉरंटी देणार. घरातला करार मात्र मोठ्या काकांना मान्य नाही. ते म्हणतात, ‘तिचे पैसे तिला मिळतायत, मग धोक्यात तिचा वाटा का नको?’ त्यावर बाबा काहीच बोलले नाहीत. येताना गाडीतही कोणी बोललं नाही.

पीएफची नोंद तशीच आहे. ते वर्षं आणि आकडा लिहायला तयार आहेत, पण आकडा काढायला २०१९ ते २०२१ ची कंत्राटदाराची चलनं लागतात. तो कंत्राटदार सिन्नरला गेला आणि फोन उचलत नाही.

---

भट्टीवाला

चलनं त्याच्याकडे नसतीलच. तुमच्या गेटवरची हजेरी आणि त्याची बिलं काढा, डोकी मोजा. आम्ही तसाच काढला होता आकडा. दोन दिवस लागतात, आणि सिक्युरिटीचा जुना माणूस असेल तर एक.

---

निम्मा_इंजिनियर

जुना माणूस आहे. उद्या सकाळी सात वाजता गेटवर बोलावलंय.